सकाळी चालतं, दुपारी बसतं: बॅकहो लोडरच्या हायड्रॉलिकचा दम कुठे जातो?

मे महिन्यात शेततळ्याचं काम चालू असलं की एक फोन ठरलेला असतो. सकाळी नऊला मशीन मुरूम खणत असतं, काही तक्रार नसते. बारा-साडेबाराला बकेट रिकामं असताना हलतं, पण मुरमात घातलं की जागीच थांबतं. लोडर भरून उचलायला गेलं की हळूहळू वर जातं. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, हायड्रॉलिकला दम नाही." आणि मालकाचा पुढचा प्रश्न असतो, "पंप बदलू का?"

माझं उत्तर दरवेळी एकच असतं, आज पंपाला हात लावू नका. आधी मशीन कधी ढिलं पडतं ते सांगा. थंड असताना, गरम झाल्यावर, की दोन्ही वेळी? बॅकहो लोडरवर (गावात कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला जेसीबीच म्हणतात) पंप सहसा गिअर पंप असतो, आणि गिअर पंपाचे बरेचसे दोष ऑइलच्या तापमानासोबत आपलं रूप बदलतात. हा बदल नीट पाहिला तर निम्मं निदान स्पॅनर न उचलता होतं.

थंडीत सकाळी हायड्रॉलिक हळू चालतं, पंप कण्हल्यासारखा किंवा शिट्टीसारखा आवाज करतो आणि ऑइल तापलं की सुधारतं, असं असेल तर पंपाला ऑइल पुरेसं मिळत नाही. घट्ट ऑइल चोक झालेल्या सक्शन जाळीतून किंवा आतून सोललेल्या सक्शन होजमधून ओढलं जात नाही. उलट थंड असताना मशीन झकास आणि तापल्यावर ढिलं, तेही फक्त लोडवर, असं असेल तर ऑइल आतल्या आत गळतंय. थंड असो वा गरम, मशीन सारखंच कमजोर राहत असेल तर रिलीफ वाल्व किंवा इंजिनकडे आधी बघा. आणि सगळ्या हालचाली ठीक असून एकच ढिली असेल, समजा फक्त बूम, तर पंपाचा विषयच संपला. तो दोष त्या सिलिंडरचा किंवा त्या स्पूलचा.

या लेखात मी दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितोय, कारण उन्हाळ्यात सर्वात जास्त तोच येतो आणि सर्वात जास्त पैसे त्यातच चुकीच्या जागी जातात.

तापल्यावर आत काय होतं

गिअर पंपात दोन गिअर एकमेकांत फिरतात. त्यांच्या दातांच्या टोकांत आणि बॉडीत, तसंच बाजूच्या प्लेटांत फट अगदी बारीक असते. ती फट बंद करायला तिथे सील नाही, ऑइलचा घट्टपणाच तिथे सीलचं काम करतो. आपण जे व्हीजी ४६ ऑइल भरतो त्याच्या नावातला ४६ हा आकडा ४० अंशांवरच्या घट्टपणाचा आहे. तेच ऑइल ६० अंशांवर अंदाजे २० वर येतं, ८० वर ११ च्या आसपास आणि १०० वर ७ च्या जवळ. म्हणजे ५५ अंशांवरून ९० अंशांवर गेलं की ऑइल जवळपास तिपटीने पातळ होतं, आणि फट तीच असूनही तिच्यातून परत मागे जाणारं ऑइलही ढोबळमानाने तिप्पट होतं.

नवीन पंपात ही गळती इतकी थोडी असते की तिप्पट झाली तरी जाणवत नाही. झिजलेल्या पंपात मात्र तीच गळती पंपाचा दम खाते. लोड नसताना दाब कमी, म्हणून गळती कमी, म्हणून रिकामं बकेट बऱ्यापैकी हलतं. मुरमात दात रुतले की दाब चढतो, फटीतून ऑइल मागे पळतं आणि सिलिंडरला जायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. दाबाखालून निसटलेलं ऑइल काहीच काम करत नाही, त्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. हिशोब सोपा आहे: दाब बारमध्ये, प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. २०० बारला मिनिटाला २७ लिटर गळत असेल तर ९ किलोवॅट झाले. घरी पाणी तापवायची हजार वॅटची रॉड असते ना, तशा नऊ रॉड टाकीत घातल्यासारखं. ऑइल तापतं म्हणून गळती वाढते आणि गळती वाढली म्हणून ऑइल आणखी तापतं. दुपारी मशीन एकाएकी 'बसतं' ते या चक्रामुळे.

हात लावण्याआधी

बकेट आणि लोडर दोन्ही जमिनीवर टेकवा. लोडर वर ठेवून खाली काम करायचं असेल तर आर्मवर सेफ्टी स्ट्रट लावल्याशिवाय खाली जाऊ नका. लाकडी ठोकळा चालत नाही. इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन-चार वेळा हलवा म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. आणि होजवर बारीक फवारा दिसला तर तो कुठून येतो हे बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. २०० बारचं ऑइल सुईच्या छिद्रातून कातडीत घुसतं. सुरुवातीला फक्त टोचल्यासारखं वाटतं, दुखतही नाही, पण ती तातडीच्या ऑपरेशनची केस असते. हात गमावलेले लोक या धंद्यात आहेत. असं झालं तर थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं ऑइल आत गेलंय.

पहिली पायरी: ऑइल आणि इंजिन

मशीन सपाट जागेवर, सिलिंडर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत ठेवूनच ऑइलची लेव्हल बघा. बूम बाहेर असताना आणि आत असताना लेव्हल वेगळी दिसते, म्हणून उगाच भर घालणारे खूप आहेत. मग थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी आहे. वर फेस असेल आणि बाटली ठेवल्यावर तो हळूहळू विरून ऑइल स्वच्छ होत असेल तर हवा आहे, म्हणजे सक्शन बाजूला कुठला तरी क्लिप ढिला आहे किंवा होजला चीर आहे. काळसर आणि करपल्याचा वास असेल तर ते बरेच दिवस जास्त तापलं आहे.

आता इंजिनची परीक्षा, जी बहुतेक जण विसरतात. पूर्ण थ्रॉटलवर बकेट शेवटपर्यंत आत ओढून लिव्हर दोन-तीन सेकंद धरून ठेवा. पंप चांगला असेल तर इंजिनवर खरंच लोड येतो, आवाज दबतो, आरपीएम थोडे उतरतात आणि मग स्थिर होतात. आवाज दबत दबत इंजिन बंद पडण्याच्या बेतात येत असेल तर हायड्रॉलिकचा दोष नाही, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि इंजिन बघा. आणि लिव्हर धरूनही इंजिनला काहीच फरक पडत नसेल, ते आपलं निवांत फिरत असेल, तर ताकद पंपातून पुढे दाब बनून पोहोचतच नाही. कानाने केलेली ही एक चाचणी अर्धा दिवस वाचवते.

लिव्हर जास्त वेळ धरू नका. पूर्ण प्रवाह रिलीफवरून जात असताना २०० बार आणि १०० लिटर म्हणजे ३३ किलोवॅट उष्णता होते. मिनिटभर धरलं तर तपासणीनेच मशीन तापेल.

दुसरी पायरी: घड्याळ आणि तापमान

मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर, एवढंच सामान लागतं. रिकामा लोडर जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते पूर्ण आरपीएमवर मोजा. एकदा सकाळी कामाच्या सुरुवातीला आणि एकदा मशीन ढिलं पडल्यावर. दोन्ही वेळी तीन-तीन मापं घ्या, आणि बाजूला ऑइलचं तापमान लिहा. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं दाखवतं, म्हणून टाकीच्या रंगवलेल्या भागावर किंवा काळी टेप चिकटवून तिच्यावर माप घ्या. टाकीवर ऑइलच्या लेव्हलखालीच मोजा, वरच्या हवेच्या भागावर नाही.

कामाच्या ऑइलचं तापमान ५० ते ८० अंशांत असावं. ८२-८५ च्या वर गेलं की साधी रबरी सील कडक व्हायला लागतात आणि ऑइल लवकर करपतं. ऑइलच्या आयुष्याबद्दल जुना ठोकताळा असा आहे की दर १० अंश वाढीला ते निम्मं होतं. विदर्भात बाहेर ४४-४५ असताना टाकी ७०-७५ वर जाणं स्वाभाविक आहे. ९० हे स्वाभाविक नाही.

आता ही मापं एका मशीनची सांगतो, यवतमाळ बाजूचं, मालकाचं नाव घेत नाही. अवर मीटर ६,८०० च्या पुढे, पंपाचा प्रवाह २२०० आरपीएमला मिनिटाला १०० लिटरच्या आसपास, मुख्य रिलीफ २२५ बार. सकाळी ३८ अंशांवर लोडर ६.२ सेकंदांत वर गेला. दुपारी एकला टाकी ९२ अंश आणि लोडर ८.२ सेकंद. मालकाने तोवर नवीन पंपाची किंमत विचारून ठेवली होती.

तिसरी पायरी: कूलर, म्हणजे आधी उष्णता बाहेर काढा

टाकी ९२ असेल तर पंपावर निर्णय देता येत नाही, कारण इतक्या तापमानाला चांगला पंपही थोडा कमजोर वाटतो. म्हणून आधी कूलर. ऑइल कूलर बहुतेक मशीनमध्ये रेडिएटरच्या पुढे किंवा शेजारी असतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, पण कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सापटीत धूळ, गवताच्या काड्या, कापसाचे तंतू यांचा नमदा बसलेला असतो. या मशीनमध्ये तसाच होता, बोटभर जाड, आणि ऑइलच्या ओलाव्याने लाकडासारखा घट्ट झालेला.

कूलर ढिला करून मधून साफ करावा लागतो. कॉम्प्रेसरची हवा पंख्याच्या उलट दिशेने, आतून बाहेर, अंतर ठेवून मारा. जवळून जोरात मारली तर पातळ पट्ट्या वाकतात आणि कूलर कायमचा अर्धा निकामी होतो. ऑइल लागलेला मळ असेल तर डिग्रीझर लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवा. पंख्याचा बेल्ट ढिला आहे का, पंख्याभोवतीचा पत्रा तुटला आहे का तेही बघा. साफ झाल्यावर कूलरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपावर तापमान मोजा. कामात ५ ते १० अंशांचा फरक दिसायला हवा. काहीच फरक नसेल तर एकतर हवा जात नाही, नाहीतर ऑइल कूलरमधून न जाता बायपास होतंय.

त्या मशीनवर कूलर साफ केल्यावर त्याच कामात, त्याच वेळी टाकी ९२ वरून ७४ वर आली आणि लोडर ७.३ सेकंदांवर. ऑपरेटर खूश झाला. मी नाही झालो, कारण मॅन्युअलमधल्या ६ सेकंदांपेक्षा ते अजून बरंच जास्त होतं. मशीन चालत होतं, पण दोष जिवंत होता. कूलर इथेच साफ करून सोडून दिलेली मशीन पुढच्या उन्हाळ्यात परत येतात.

चौथी पायरी: फिल्टर, आणि त्याबद्दलचा गैरसमज

रिटर्न फिल्टर चोक झाल्यामुळे मशीन ढिलं पडतं असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. रिटर्न फिल्टरला बायपास वाल्व असतो. जाळी भरली की तो उघडतो आणि ऑइल फिल्टर न होता सरळ टाकीत जातं. मशीन चालूच राहतं, म्हणून कोणाला कळत नाही. त्या दिवसापासून मशीनमधला प्रत्येक कण पंपातून पुन्हा पुन्हा फिरतो आणि गिअरची प्लेट घासतो. म्हणजे चोक रिटर्न फिल्टर आज दम काढत नाही, तो सहा महिन्यांनी पंप काढून घेतो. आज दम काढते ती टाकीतली सक्शन जाळी, आणि तिची ओळख आधी सांगितली: थंडीत जास्त त्रास आणि पंपाची शिट्टी.

जुना फिल्टर फेकू नका, उघडा. हॅक्सॉने कापू नका, त्याचा बुरा आत पडतो आणि तुम्ही त्यालाच झीज समजता. पत्रा कापायच्या कात्रीने किंवा फिल्टर कटरने डबा कापा, कागद पसरवा, पांढऱ्या कापडावर पिळा. मग चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, म्हणजे गिअर, सिलिंडरची ट्यूब किंवा स्पूल. चिकटत नाही पण चांदीसारखं चमकतं ते ॲल्युमिनियम, बहुधा पंपाची बॉडी. पिवळसर कण पंपाच्या बुशचे किंवा प्लेटचे. काळे मऊ तुकडे रबराचे, सील किंवा होजचं अस्तर. वाळूसारखी खरखर असेल तर धूळ बाहेरून आली आहे, टाकीचा ब्रीदर आणि सिलिंडरचे वायपर सील बघा.

यवतमाळच्या मशीनमध्ये कापडावर चांदीची बारीक पूड आणि पिवळे कण, दोन्ही निघाले. मालकाला विचारलं तेव्हा समजलं, मागच्या वर्षी तीन महिने रॉक ब्रेकर लावून काम केलं होतं आणि फिल्टर नेहमीच्याच तासांवर बदलला. ब्रेकर ऑइल तापवतो आणि मातीही ओढतो. ब्रेकर लावला की फिल्टर आणि ऑइल मॅन्युअलच्या ब्रेकर-तक्त्याप्रमाणे बरेच आधी बदलावे लागतात.

पाचवी पायरी: गेज लावा

आता ०-४०० बारचं गेज मुख्य टेस्ट पॉइंटला लावा. थंड मशीनवर घेतलेलं माप इथे निरुपयोगी आहे. मशीन काम करून ७० च्या पुढे तापलं पाहिजे. मग बकेट शेवटपर्यंत नेऊन लिव्हर धरा आणि तीन वेगवेगळ्या आरपीएमला दाब लिहा: स्लो, मधला, पूर्ण.

गिअर पंप एका फेरीत ठरलेलंच ऑइल ढकलतो, त्यामुळे आरपीएम अर्धे तर प्रवाह अर्धा. पण गळती आरपीएमवर नाही, दाबावर आणि ऑइलच्या पातळपणावर ठरते. म्हणून स्लोवर गळतीचा वाटा सर्वात मोठा दिसतो. चांगला पंप स्लोवरही रिलीफचा आकडा गाठतो. झिजलेला पंप पूर्ण आरपीएमवर कसाबसा तिथे पोहोचतो, स्लोवर अर्ध्यातच अडकतो.

कूलर साफ करण्याआधी, ९२ अंशांवर त्या मशीनची मापं अशी होती: ९०० आरपीएमला ११० बार, १५०० ला १८५, आणि २२०० ला कसाबसा रिलीफ गाठत २२५. कूलर साफ झाल्यावर ७४ अंशांवर ९०० ला १५५ बार. सकाळी ५५ अंशांवर मात्र स्लोवरही २२५ पूर्ण. म्हणजे सकाळी गेज लावून 'प्रेशर ओके' म्हणणाऱ्या मेकॅनिकने खोटं सांगितलं नसतं, त्याने चुकीच्या वेळी बघितलं असतं.

गेजवर दुसरं चित्रही दिसू शकतं. कुठल्याही आरपीएमला आणि कुठल्याही तापमानाला दाब एकाच कमी आकड्यावर, समजा १५० वर, थांबतो आणि पुढे जातच नाही. हा पंप नाही, हा रिलीफ वाल्व आहे. त्याच्या सीटवर कचरा अडकलाय किंवा स्प्रिंग थकलाय. वाल्व काढा, धुवा, ओ-रिंग बदला, पुन्हा लावून गेजवर सेट करा. गेज न लावता रिलीफचा स्क्रू आवळणं हा गुन्हाच समजा. झिजलेल्या पंपावर त्याने दम वाढत नाही, आणि पंप बदलल्यावर तोच आवळलेला रिलीफ नवीन पंप आणि होज फोडतो.

काही मशीनमध्ये पंप दोन भागांचा असतो आणि हलक्या लोडला दोन्हींचं ऑइल एकत्र येतं. दुसऱ्या भागाचा अनलोडर वाल्व अडकून बसला तर दाब पूर्ण मिळतो पण वेग अर्धा होतो, रिकामं असतानाही, थंड असतानाही. हे चित्र वर सांगितलेल्यापेक्षा वेगळं आहे, घाईत पंपावर ढकलू नका.

सहावी पायरी: पंप की सिलिंडर?

आतली गळती पंपातच असते असं नाही. सिलिंडरच्या पिस्टन सीलमधूनही ऑइल निसटतं. फरक असा की पंप झिजला तर प्रत्येक हालचाल ढिली, सिलिंडर गळला तर एकच. संशय असेल तर तो सिलिंडर शेवटपर्यंत आत न्या, दाब उतरवा, ज्या बाजूला दाब नसणार आहे ती होज काढा, होजच्या तोंडाला प्लग लावा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली डबा ठेवा. मग स्लोवर, माणसं बाजूला ठेवून, सिलिंडर त्याच दिशेने आणखी दाबा. उघड्या पोर्टमधून धार लागली तर पिस्टन सील गेलं. थेंब थेंब आलं तर चालेल. लिव्हर चुकून उलट्या दिशेला गेला तर ऑइल प्लग लावलेल्या होजवर येईल, म्हणून केबिनमध्ये अनुभवी माणूसच बसवा.

थर्मामीटर इथेही कामाला येतं. मशीन गरम असताना सगळ्या सिलिंडरांवर आणि वाल्वच्या भागांवर माप फिरवा. एकच सिलिंडर शेजाऱ्यांपेक्षा १०-१५ अंशांनी जास्त तापलेला असेल तर गळती तिथे आहे.

पंपावर शेवटचा शिक्का फ्लो मीटरने बसतो. हे काम सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या, कारण मीटर पंप आणि वाल्वच्या मध्ये लावला की मुख्य रिलीफ मीटरच्या पलीकडे राहतो आणि मीटरचा लोड वाल्व पूर्ण बंद केला तर पंप फुटू शकतो. मोजायचं एवढंच: एका ठराविक आरपीएमला आणि तापमानाला दाबाशिवाय किती लिटर आणि कामाच्या दाबाला किती. त्या मशीनवर ५५ अंशांवर दाबाशिवाय १०० लिटर, २०० बारला ७३. नवीन पंप इथे ९० च्या पुढे राहतो. ८० च्या खाली गेला की मी पंप बदलायला सांगतो. ७३ म्हणजे निर्णय झाला.

आणखी एक खूण फुकट मिळते. ज्या मशीनमध्ये पंप गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला असतो, तिथे पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तर हायड्रॉलिक ऑइल गिअरबॉक्समध्ये जातं. हायड्रॉलिकची लेव्हल कमी होते, बाहेर डाग नाही, आणि गिअरबॉक्सची लेव्हल वाढलेली. दोन्ही एकत्र दिसलं तर पंप काढायलाच लागेल.

सातवी पायरी: पंप बदलताना

जुना पंप उघडून बघा. गिअर दाबामुळे सक्शनच्या बाजूला ढकलले जातात, म्हणून बॉडी त्या बाजूला घासलेली दिसते. हलकी चकाकी चालते. नखाला लागेल अशी खाच असेल तर प्लेट-बुश-सीलचं किट टाकून उपयोग नाही, फट बॉडीत आहे. किट तेव्हाच घाला जेव्हा बॉडी आणि दात दोन्ही साफ आहेत. यवतमाळच्या पंपात खाच होती, नवीन पंप घ्यावा लागला.

पण नवीन पंप जुन्या कचऱ्यावर बसवला तर तो तितक्याच वेगाने झिजतो. टाकी रिकामी करून झाकण उघडा, तळाचा गाळ तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसा, कॉटन वेस्ट वापरू नका. सक्शन जाळी धुवा किंवा बदला. सक्शन होज बाहेरून ठीक दिसला तरी आतून हाताने तपासा, अस्तर सुटलं असेल तर ते चोषलं जाऊन नळी बंद होते. रिटर्न फिल्टर आणि ब्रीदर नवीन. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, एकाच प्रकारचं. उन्हाळ्यासाठी व्हीजी ६८ चालतं का हेही मॅन्युअलमधल्या तापमान-तक्त्यावरून ठरवा. झिजलेल्या पंपावर घट्ट ऑइल घालून थोडे दिवस काढता येतात, पण ती फक्त वेळ काढणं आहे, आणि थंडीत तेच ऑइल सक्शनला जड जातं.

पंप बसवण्याआधी त्याच्या पोर्टमध्ये स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवा. कपलिंगचे दात झिजले असतील तर आताच बदला. सक्शन लाइन भरून घ्या. कोरड्या पंपाला पूर्ण आरपीएमवर काही सेकंद पुरतात, प्लेट जळते आणि मालक पंपवाल्याशी भांडत बसतो. इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टरने दोन-तीन वेळा दहा-दहा सेकंद फिरवा, मधे स्टार्टरला थंड व्हायला वेळ द्या. मग स्लोवर पाच मिनिटं कुठलाही लिव्हर न हलवता चालवा. आवाज शांत असेल तर एकेक सिलिंडर हळू, अर्ध्या स्ट्रोकपर्यंत, मग पूर्ण. टाकीत फेस आला तर थांबा आणि सक्शनचे क्लिप बघा. शेवटी लेव्हल पुन्हा भरा, गेज लावून गरम ऑइलवर रिलीफ सेट करा, आणि स्लोवरचा दाब नोंदवून ठेवा.

५० तासांनी रिटर्न फिल्टर पुन्हा बदला आणि कापून बघा. लाइनमध्ये राहिलेली जुनी पूड त्यात येते. १०० तासांनंतरही चांदी चमकत असेल तर कुठेतरी अजून झीज चालू आहे.

त्या मशीनवर नवीन पंप लागल्यावर बाहेर ४४ अंश असताना दुपारी दोनला टाकी ७० अंशांवर होती, लोडर ६.१ सेकंद, आणि ९०० आरपीएमला गेज २२५ वर. मालकाने ती तीन मापं आणि तारीख केबिनच्या दारावर आतून पेंटने लिहून घेतली. आता दर दोन महिन्यांनी ऑपरेटर तिथेच खाली नवीन मापं लिहितो, तापलेल्या ऑइलवर.